१००! मध्ये सात किती वेळा बसतो? मूळ संख्येचा सर्वांत मोठा घात काढण्याची पद्धत

१ पासून १०० पर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार केला आणि त्या गुणाकाराला ७ ने भागत सुटलो, तर बाकी न उरता किती वेळा भाग जाईल? परीक्षेच्या भाषेत हाच प्रश्न असा येतो: ७^k ने १००! ला निःशेष भाग जातो, तर k ची सर्वांत मोठी किंमत कोणती? स्पर्धा परीक्षांच्या सराव संचांत आणि प्रोग्रामिंगच्या मुलाखतींत हा प्रश्न वेगवेगळ्या वेषांत भेटतो. कधी ७ च्या जागी ५ असतो, कधी १२, तर कधी 'शेवटी किती शून्ये येतील' असं सरळ विचारलेलं असतं.

उत्तर १६ आहे. दोन भागाकारांत ते निघतं आणि बऱ्याच जणांना ती युक्ती पाठही असते: भागत जा, भागाकारांची बेरीज कर. पण ती का चालते हे माहीत नसलं की १२ किंवा ४९ समोर आला रे आला की गाडी अडते, किंवा त्याहून वाईट म्हणजे न अडता चुकीच्या उत्तरावर जाऊन पोचते. म्हणून आधी ७ आणि १०० याच जोडीवर नीट थांबू.

गुणाकार करायच्या भानगडीत पडू नका

१००! ही १५८ अंकी संख्या आहे. साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर ६९! पर्यंत उत्तर येतं आणि ७०! ला एरर येते, कारण ती संख्या १०^१०० च्या पुढे जाते आणि यंत्राची मर्यादा त्याच्या अलीकडेच संपते. एक्सेलमध्ये FACT(100) लिहिलं तर 9.33262E+157 असं काहीतरी दिसतं खरं, पण त्यातले सुरुवातीचे साधारण १५ अंकच भरवशाचे असतात. पुढचे अंक हाताशी नसताना ७ ने भाग जातो की नाही हे तपासण्यात काही अर्थ नाही.

आणि समजा, सगळे १५८ अंक मिळाले, तरी ते उपयोगाचे नाहीत. गुणाकार केला की आतले अवयव दिसेनासे होतात. उलट १ × २ × ३ × … × १०० असं न गुणता ठेवलं तर कुठल्या संख्येत ७ आहे आणि कुठल्या नाही हे उघड दिसतं. आपल्याला एवढंच मोजायचं आहे.

इथे ७ मूळ संख्या असण्याचं महत्त्व आहे. एखाद्या गुणाकाराला मूळ संख्येने भाग जात असेल, तर त्या गुणाकारातल्या निदान एका संख्येला तिने भाग गेलाच पाहिजे. म्हणजे ७ हा दोन वेगवेगळ्या संख्यांकडून तुकड्या-तुकड्याने गोळा होऊ शकत नाही. ६ चं तसं नाही. ४ ला ६ ने भाग जात नाही, ९ लाही जात नाही, पण ४ × ९ = ३६ ला मात्र सहज जातो, कारण २ एकाने दिला आणि ३ दुसऱ्याने. ७ च्या बाबतीत अशी भागीदारी होत नाही. ज्या संख्येत ७ आहे तीच तो देणार, बाकीच्या ८६ संख्यांकडे बघायचीसुद्धा गरज नाही.

पहिली पायरी: सातच्या पाढ्यातल्या संख्या मोजा

१ ते १०० मध्ये ७ ने भाग जाणाऱ्या संख्या म्हणजे ७, १४, २१, २८, ३५, ४२, ४९, ५६, ६३, ७०, ७७, ८४, ९१ आणि ९८. या १४ आहेत. यादी न करताही हा आकडा येतो: १०० ला ७ ने भागा, भागाकार १४, बाकी २. ती बाकी म्हणजे ९९ आणि १००. त्या दोघांनंतर सातचा पाढा १०५ वर जातो, जो आपल्या हद्दीबाहेर आहे. म्हणून बाकी सोडून द्यायची, दशांशात जायचं नाही.

या १४ संख्यांनी प्रत्येकी निदान एक ७ दिला. म्हणून १४ सात झाले. घाईत सोडवणारे इथेच थांबतात, आणि पर्यायांमध्ये १४ हा आकडा हटकून ठेवलेला असतो.

दुसरी पायरी: ज्यांच्याकडे दोन सात आहेत

४९ म्हणजे ७ × ७. ९८ म्हणजे ७ × ७ × २. या दोघांकडे दोन-दोन सात आहेत, पण पहिल्या पायरीत आपण प्रत्येकाचा एकच मोजला. उरलेला एक-एक आता मिळवायचा. १०० ला ४९ ने भागलं की भागाकार २ येतो, तोच हा आकडा. १४ + २ = १६.

इथे नेहमीचा घोळ असा: '४९ मध्ये दोन सात, ९८ मध्ये दोन सात, म्हणजे आणखी चार' असं म्हणून कुणी १८ लिहितं. त्या चारपैकी दोन आधीच १४ मध्ये गेलेले आहेत. शंका आली तर सरळ पडताळून बघा. १४ पैकी १२ संख्यांकडे एकेक सात, त्यांचे १२. दोन संख्यांकडे दोन-दोन, त्यांचे ४. एकूण १६. उत्तर तेच येतं, फक्त मोजण्याची पद्धत वेगळी. पहिल्या रीतीत आपण थरांनी मोजतो: आधी सगळ्यांचा पहिला सात, मग ज्यांच्याकडे असेल त्यांचा दुसरा, मग तिसरा. ७ × ७ × ७ = ३४३ ही संख्या १०० च्या पलीकडे आहे, म्हणून तिसरा थर इथे रिकामा आहे आणि काम संपलं.

पण भागाकारालाच पुन्हा का भागायचं?

पाठ केलेल्या युक्तीत ४९ कुठेच येत नाही. तिथे १०० ला ७ ने भागून १४ घेतात, मग त्या १४ ला ७ ने भागून २ घेतात, आणि २ ला भाग जात नाही म्हणून थांबतात. उत्तर जुळतं, पण पहिल्या भागाकारात आपण २ बाकी टाकून दिली होती. ती टाकून उरलेल्यालाच पुन्हा भागणं कसं चालतं, हा प्रश्न पडायला हवा.

त्याचं उत्तर मला या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. सातच्या पाढ्यातल्या १४ संख्या एकत्र लिहू:

७ × १४ × २१ × २८ × … × ९८

प्रत्येकीतून एक ७ बाहेर काढा. १४ सात बाहेर आले, आणि आत काय उरलं? ७ मधून १, १४ मधून २, २१ मधून ३, आणि असंच पुढे जात ९८ मधून १४. म्हणजे उरलं १ × २ × ३ × … × १४, म्हणजेच १४!.

१००! मधल्या सातांचा प्रश्न आता १४! मधल्या सातांच्या प्रश्नावर आला, आणि तो तसाच्या तसा आहे, फक्त लहान. १४! मध्ये सातच्या पाढ्यातल्या दोनच संख्या आहेत, ७ आणि १४. त्यांच्यातून एकेक ७ काढला की उरतं १ × २, म्हणजे २!. यात सात नाही. म्हणून १४ आणि २ मिळून १६ सात बाहेर आले.

बाकीचं कोडंही यातच सुटतं. बाकी म्हणजे ९९ आणि १००, आणि त्या संख्या सातच्या पाढ्यात नाहीतच. त्या पहिल्याच फेरीत बाद झाल्या. पुढच्या फेरीत त्यांना परत आणायचं कारण नाही. ४९ ने थेट भागणं आणि ७ ने दोनदा भागणं या दोन्हींतून एकच आकडा का येतो तेही दिसतं: यादीतली दर सातवी संख्या ४९ च्या पाढ्यातली असते, म्हणून १४ जणांच्या यादीत अशा दोनच सापडतात.

मोठ्या संख्येवर: १०००! मध्ये किती सात?

आता लिहिण्याची पद्धत ठरवून घेऊ. डावीकडून सुरुवात करायची, भागाकार पुढे न्यायचा, बाकी सोडायची:

१००० ÷ ७ → १४२
१४२ ÷ ७ → २०
२० ÷ ७ → २
२ ÷ ७ → ०, थांबा

१४२ + २० + २ = १६४. म्हणजे ७^१६४ ने १०००! ला निःशेष भाग जातो, ७^१६५ ने जात नाही.

बेरीज करताना मूळ १००० घ्यायचा नाही, फक्त भागाकार घ्यायचे. कागदावर एकाखाली एक लिहिलं की पहिला आकडाही बेरजेत ओढला जाण्याची सवय असते, म्हणून सांगितलं.

बाकी सोडण्याचा नियम १०० च्या उदाहरणात तितकासा जाणवत नाही, कारण दशांश ठेवून शेवटी तोडलं तरी १४.२८ + २.०४ = १६.३२ येतं आणि त्यातूनही १६ च मिळतात. नशिबाने जमलं. १००० वर तसं करून बघा: १००० ला ७, ४९ आणि ३४३ ने दशांशात भागलं तर १४२.८५, २०.४० आणि २.९१ येतात, बेरीज १६६.१६. तोडून १६६ लिहिलं तर दोन सात जास्तीचे झाले. प्रत्येक पायरीत सोडलेला अंश जमत जातो आणि शेवटी पूर्ण संख्येएवढा होतो. तेव्हा तोडायचं ते प्रत्येक पायरीवर, शेवटी एकदाच नाही.

हे सूत्र फ्रेंच गणिती अद्रियँ-मारी लजांद्र यांच्या नावाने ओळखलं जातं. अंकसिद्धांतावरच्या त्यांच्या ग्रंथाच्या १८०८ च्या आवृत्तीत ते आहे. p ही मूळ संख्या असेल आणि चौकटी कंस म्हणजे 'दशांश तोडून फक्त पूर्ण भाग घ्या' असं मानलं, तर

n! मधला p चा घातांक = [n/p] + [n/p²] + [n/p³] + …

बेरीज पुढे अनंतापर्यंत लिहिलेली दिसते, पण p चा घात n च्या पलीकडे गेला की पुढची सगळी पदं शून्य होतात. हाताने सोडवताना मात्र p², p³ काढत बसण्यापेक्षा भागाकारालाच भागत जाणं केव्हाही सोपं.

उत्तर बरोबर आहे का ते ताडायचं कसं

उलट वाटेने जाणारी एक तपासणी आहे. शंभराचे ४९, ७ आणि १ असे गठ्ठे करा, मोठ्यात मोठ्या गठ्ठ्यापासून सुरुवात करून. १०० मध्ये ४९ चे दोन गठ्ठे बसतात, ९८ झाले, ७ चा एकही बसत नाही, आणि सुटे २ उरतात. म्हणजे ७ च्या पायावर १०० हा २०२ असा लिहिला जातो.

आता ४९ चा एक गठ्ठा उत्तरात किती भर घालतो? ४९ ÷ ७ = ७ आणि ७ ÷ ७ = १, मिळून ८. सातचा एक गठ्ठा १ ची भर घालतो. सुटे काहीच देत नाहीत. म्हणून २ × ८ + ० × १ = १६. जुळलं.

हेच आणखी आवळून लिहिता येतं. ८ म्हणजे (४९ − १) ÷ ६, १ म्हणजे (७ − १) ÷ ६, आणि सुट्याचं ० म्हणजे (१ − १) ÷ ६. प्रत्येक गठ्ठा आपल्या आकारातून १ वजा करून ६ ने भागल्याएवढी भर घालतो. मग सगळे गठ्ठे मिळून संख्या वजा गठ्ठ्यांची एकूण संख्या, भागिले ६. शंभरात गठ्ठे २ + ० + २ = ४, म्हणून (१०० − ४) ÷ ६ = १६.

१००० साठी: ३४३ चे दोन गठ्ठे म्हणजे ६८६, उरले ३१४. ४९ चे सहा म्हणजे २९४, उरले २०. ७ चे दोन, आणि सुटे ६. गठ्ठे २ + ६ + २ + ६ = १६. (१००० − १६) ÷ ६ = ९८४ ÷ ६ = १६४. भागाकार पूर्ण आला नाही, तर कुठेतरी गठ्ठे चुकलेत हे तिथल्या तिथे कळतं, आणि म्हणूनच ही तपासणी मला पहिल्या रीतीपेक्षाही भरवशाची वाटते. दुसऱ्या मूळ संख्येसाठी ६ च्या जागी p − १ घ्यायचा: ५ साठी ४, ३ साठी २.

भाजक मूळ संख्या नसेल तर

खरे बळी इथे पडतात. १००! मध्ये ४९ चा सर्वांत मोठा घात कोणता? युक्ती आंधळेपणाने लावली तर १०० ÷ ४९ → २, उत्तर २. हे साफ चूक आहे. ४९ मूळ संख्या नाही. ७ आणि १४ यांच्याकडचा एकेक सात मिळूनही ४९ तयार होतो, आणि ४९ ने भागताना ते दोघंही मोजले जात नाहीत. बरोबर रीत अशी की एकूण सात १६, प्रत्येक ४९ ला दोन लागतात, म्हणून १६ ÷ २ = ८.

नियम असा: आधी भाजकाचे मूळ अवयव पाडा, प्रत्येकाचा साठा वेगळा मोजा, आणि मग एका भाजकाला कशाचे किती लागतात ते बघून सर्वांत आधी काय संपतं ते शोधा. १००! मधले साठे असे निघतात. २ चे ५० + २५ + १२ + ६ + ३ + १ = ९७. ३ चे ३३ + ११ + ३ + १ = ४८. ५ चे २० + ४ = २४. ७ चे १६.

शेवटी येणाऱ्या शून्यांचा प्रश्न म्हणजे १० चा घात. १० ला एक २ आणि एक ५ लागतो; पाच २४ आहेत, दोन ९७. पाच आधी संपतात, म्हणून १००! च्या शेवटी २४ शून्ये.

यावरून 'भाजकातल्या मोठ्या मूळ संख्येचाच साठा बघायचा' असा आडाखा खूप जण बांधतात. १०, १४, ६ यांना तो लागू पडतो, कारण तिथे प्रत्येक मूळ संख्या एकदाच येते आणि मोठी मूळ संख्या कधीच जास्त मिळत नाही. पण २४ घ्या. २४ = २ × २ × २ × ३. प्रत्येक २४ ला तीन दोन आणि एक तीन लागतो. तीन ४८ आहेत, आडाख्याने उत्तर ४८ येईल. पण दोन ९७ असले तरी तीन-तीनच्या जुड्या ३२ च होतात आणि एक उरतो. म्हणून उत्तर ३२, आणि अडवणारा लहान अवयव २ आहे, ३ नाही. १२ ला दोन-दोनच्या जुड्या ४८ आणि तीनही ४८, दोन्ही एकदमच संपतात, फक्त एक २ मागे राहतो. तेव्हा भाजकात एखादा अवयव पुन्हा-पुन्हा येत असेल तर आडाखा बाजूला ठेवून दोन्ही साठे मोजा.

गुणाकार एकपासून सुरू होत नसेल तर

५१ × ५२ × … × १०० मध्ये किती सात? हा गुणाकार म्हणजे १००! ÷ ५०!. भागाकारात घातांक वजा होतात. ५०! मध्ये ७ + १ = ८ सात आहेत, म्हणून १६ − ८ = ८. हाताने मोजलं तरी पटतं: ५६, ६३, ७०, ७७, ८४, ९१, ९८ या सात संख्या, आणि ९८ चा जास्तीचा एक.

इथे एक चकवा आहे. '५१ ते १०० या ५० संख्या आहेत, म्हणून ५०! सारखंच ८' असं म्हणूनही उत्तर आठच येतं, पण ते योगायोगाने. ३० ते ४८ या १९ संख्या घ्या. ४८! मध्ये ६ सात, २९! मध्ये ४, वजा करून २. बरोबरच आहे, ३५ आणि ४२. आता ३१ ते ४९ या १९ संख्या घेतल्या तर ४९! मध्ये ७ + १ = ८, ३०! मध्ये ४, उत्तर ४. संख्या तितक्याच, पण ४९ आत आल्याने उत्तर दुप्पट झालं. किती संख्या आहेत यावर भागत नाही, त्या कुठे आहेत हे बघावं लागतं.

हीच वजाबाकी निवडीच्या प्रश्नांनाही चालते. १०० जणांतून ५० जण निवडण्याचे प्रकार १००! ÷ (५०! × ५०!) इतके होतात. ही ३० अंकी संख्या आहे. तिला ७ ने भाग जातो का? १६ − ८ − ८ = ०. नाही जात. वर गठ्ठे करून ७ च्या पायावर १०० हा २०२ येतो हे पाहिलं; ५० तसाच १०१ येतो. १०१ आणि १०१ ची बेरीज करताना हातचा एकदाही घ्यावा लागत नाही, आणि नेमकं म्हणूनच शून्य आलं. जितके हातचे तितका घातांक, हे जर्मन गणिती कुमर यांनी १८५२ मध्ये दाखवलं.

कोड लिहायचा असेल तर

```python
def ghatank(n, p):
    e = 0
    while n:
        n //= p
        e += n
    return e

print(ghatank(100, 7))    # 16
print(ghatank(1000, 7))   # 164
```

यात दोनच गोष्टींकडे लक्ष द्या. `//` हा पूर्णांकी भागाकार आहे. त्याच्या जागी `int(n / p)` लिहिलं तर लहान संख्यांवर फरक दिसणार नाही, पण n खूप मोठा झाला की दशांशी भागाकारातले शेवटचे अंक हरवतात आणि उत्तर एखाद्याने चुकतं. दुसरं, इथे p², p³ कुठेच काढलेले नाहीत. सी किंवा जावामध्ये p चा घात वाढवत नेला तर तो पूर्णांकाच्या मर्यादेबाहेर जाऊ शकतो; n ला लहान करत नेण्यात ती भीती नाही. आणि हे फंक्शन p मूळ आहे का ते तपासत नाही. `ghatank(100, 49)` विचारलंत तर ते निमूटपणे २ सांगेल.

उलटा प्रश्न

शेवटी एक प्रकार, जो दिसायला सोपा आणि आत अडकवणारा आहे. n! ला ७^१५ ने निःशेष भाग जाईल असा सर्वांत लहान n कोणता?

गठ्ठ्यांच्या सूत्रातून सुरुवात मिळते. घातांक = (n − गठ्ठे) ÷ ६, म्हणून n हा ६ × १५ = ९० पेक्षा मोठा असणार. घातांक फक्त सातच्या पाढ्यातल्या संख्यांवरच वाढतो, तेव्हा ९० नंतरची पहिली तशी संख्या ९१ तपासू: १३ + १ = १४. कमी पडलं. पुढची ९८: १४ + २ = १६. म्हणून उत्तर ९८.

घातांक १४ वरून थेट १६ वर गेला. ९१! ते ९७! पर्यंत सगळ्यांत १४ सात, ९८! ते १०४! पर्यंत सगळ्यांत १६. नेमके १५ सात असलेला n! अस्तित्वातच नाही, कारण ९८ एकदम दोन सात घेऊन येतो. त्याआधी ४९ वर घातांक असाच ६ वरून ८ वर जातो, म्हणून नेमका ७ हा घातांकही कधी मिळत नाही. ५ च्या बाबतीत हेच २५ वर घडतं: २४! च्या शेवटी चार शून्ये, २५! च्या शेवटी सहा, आणि बरोबर पाच शून्ये कुठल्याच n! ला नाहीत. प्रश्नात 'भाग जातो' आहे की 'नेमका इतकाच घात' आहे, हे त्यामुळे दोनदा वाचावं. पहिल्याचं उत्तर ९८ आहे, दुसऱ्याचं 'असा n नाही'.

हीच रीत मोठ्या घातावर. ७^१०० साठी सुरुवात ६०० पासून. पुढची सातच्या पाढ्यातली संख्या ६०२: ८६ + १२ + १ = ९९. एकच कमी. मग ६०९: ८७ + १२ + १ = १००. इथे मध्ये उडी नाही, म्हणून ६०९! मध्ये बरोबर शंभर सात आहेत, आणि ६१५! पर्यंत ते शंभरच राहतात.